‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ : नक्की काय चुकलं ते साइट का सांगत नाही?



लॉगिन पेजचा विषय निघाला की बॅचमध्ये कोणीतरी हमखास विचारतं, "सर, रकाने दोनच आहेत. कुठला चुकलाय हे साइटला माहीत असणारच की! मग सरळ सांगायला काय जातं? गिऱ्हाइकाला उगाच दोन्ही परत टाकायला लावायचं." प्रश्न रास्त आहे. दुकानात गिऱ्हाइकाने चुकीची पावती दाखवली तर आपण "तारीख चुकलीय" असं बोट ठेवून सांगतो, "पावतीत काहीतरी चुकलंय" असं म्हणत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्यासारख्या लहान ऑनलाइन दुकानाने हा मेसेज मोघमच ठेवावा. पण बऱ्याच साइट लॉगिनवर मोघम बोलतात आणि बाजूच्या दोन दारांतून सगळं सांगून टाकतात, ते मला पटत नाही. त्यात चोर अडत नाही आणि गिऱ्हाईक मात्र वैतागतं. हे का, ते समजायला लॉगिनचं बटण दाबल्यावर आत काय होतं ते आधी बघू.

बटण दाबल्यावर आत काय होतं

तुमच्या साइटच्या मागे ग्राहकांची एक वही असते असं समजा. प्रत्येक ग्राहकाची एक ओळ. त्या ओळीत मोबाइल नंबर किंवा ईमेल असतो, नाव-पत्ता असतो, पण पासवर्ड नसतो. नीट बनवलेल्या साइटवर पासवर्डच्या जागी त्याचा ‘हॅश’ असतो. गव्हाचं पीठ करता येतं, पिठाचा परत गहू करता येत नाही, तसंच. पासवर्ड दळून जे मिळतं ते वहीत ठेवायचं आणि मूळ पासवर्ड कुठेच लिहायचा नाही. त्यात प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी चिमूट मिसळतात, तिला ‘सॉल्ट’ म्हणतात. त्यामुळे दोन ग्राहकांचा पासवर्ड योगायोगाने एकच असला तरी वहीतलं पीठ वेगवेगळं दिसतं.

आता ग्राहकाने नंबर आणि पासवर्ड टाकला. साइट आधी तो नंबर वहीत शोधते. ओळ सापडली तर तिथली चिमूट घेते, आत्ता टाकलेला पासवर्ड तिच्यासकट दळते आणि निघालेलं पीठ वहीतल्या पिठाशी जुळतं का ते बघते. जुळलं की आत. म्हणजे साइटला फार तर दोन गोष्टी कळतात : ‘या नंबरची ओळ नाही’ किंवा ‘या ओळीचं पीठ जुळत नाही’. ‘हा पासवर्ड कोणाचा आहे’ असं उलटं शोधायची तिच्याकडे सोयच नाही.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्याला वाटतं साइटला खरी चूक माहीत आहे आणि ती लपवतेय. बऱ्याचदा तिलाही माहीत नसते.

एक उदाहरण घ्या. घरात नवरा-बायको दोघांचीही तुमच्या साइटवर वेगवेगळी खाती आहेत. फोन बायकोच्या हातात आहे, पण रकान्यात नवऱ्याचा ईमेल आपोआप भरला गेलाय. ताईंनी स्वतःचा पासवर्ड अगदी बरोबर टाकला. चुकलं काय? ईमेल. पण साइटला काय दिसतं? ईमेलची ओळ सापडली, पीठ जुळलं नाही. साइट ‘स्पष्ट’ बोलणारी असती तर तिने ठणकावून सांगितलं असतं : पासवर्ड चुकीचा आहे. आणि ताई बिचाऱ्या बरोबर असलेला पासवर्ड पाच वेळा बदलून बघत बसल्या असत्या. मोबाइल नंबरचे शेवटचे दोन अंक ४५ ऐवजी ५४ पडले आणि तो नंबर नेमका दुसऱ्या ग्राहकाचा निघाला, तरी हेच. म्हणजे ‘दोन्हींपैकी काहीतरी जुळत नाही’ हे वाक्य मोघम असलं तरी खरं आहे. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ हे वाक्य स्पष्ट असलं तरी प्रत्येक वेळी खरं असेलच असं नाही.

(एका विद्यार्थ्याने सुचवलं होतं की साइटने ‘हा पासवर्ड तुमचा नाही, दुसऱ्या ग्राहकाचा आहे’ एवढं तरी सांगावं. विचार करा, असं सांगणारी साइट किती दिवस टिकेल!)

पण एक बाजू उरतेच. नंबर वहीत नाहीच, हे साइटला पक्कं माहीत असतं. ‘हा नंबर आमच्याकडे नोंदलेला नाही’ हे ती खरं खरं सांगू शकते. मग ते का सांगायचं नाही? कारण ते वाक्य तुमचा ग्राहक वाचतोच, आणि चोरही वाचतो.

चोराला त्या एका वाक्यातून काय मिळतं

समजा तुमचं घरगुती मसाल्यांचं ऑनलाइन दुकान आहे आणि ग्राहक मोबाइल नंबर टाकून लॉगिन करतात. कोणा एकाकडे तुमच्या भागातल्या ८,००० मोबाइल नंबरांची यादी आहे. अशा याद्या फिरत असतात, ते आपल्याला रोजच्या नको त्या फोनवरून माहीतच आहे.

तो एक छोटा प्रोग्रॅम लावतो. प्रोग्रॅम तुमच्या लॉगिन पेजवर एकेक नंबर टाकतो, पासवर्डच्या जागी काहीही खरडतो आणि उत्तर बघतो. ‘नंबर नोंदलेला नाही’ आलं की खोडायचं. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ आलं की बाजूला लिहून ठेवायचं. दोन सेकंदाला एक नंबर म्हटलं तर ८,००० नंबरांना १६,००० सेकंद, म्हणजे साधारण साडेचार तास. रात्री झोपताना लावला तर पहाटे काम झालेलं. समजा त्यातले ३५० नंबर तुमचे ग्राहक निघाले.

एकही पासवर्ड फुटला नाही. एकही खातं उघडलं नाही. तरी तुमची ग्राहकयादी त्याच्या हातात गेली. दुकानदाराला सांगायला नको की ग्राहकयादी म्हणजे काय चीज असते. शेजारच्या दुकानदाराने आपली उधारीची वही फोटो काढून नेली तर आपण काय करू?

आता ती यादी दोन प्रकारे वापरता येते. पहिला प्रकार फोनचा. ‘ताई, अमुक मसालेवाल्यांकडून बोलतोय, तुमच्या ऑर्डरचं रिफंड अडकलंय, लिंक पाठवतो, त्यावर जरा क्लिक करा.’ आठ हजार अनोळखी लोकांना असा फोन केला तर बहुतेक जण ‘कोण मसालेवाले?’ म्हणून ठेवून देतील. पण या ३५० जणांनी खरोखर तुमच्याकडून मसाला घेतलाय. त्यांचा विश्वास बसतो. पैसे गेल्यावर नाव तुमच्या दुकानाचं खराब होतं.

दुसरा प्रकार पासवर्डचा. एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरायची सवय बहुतेकांना असते. दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून फुटलेले पासवर्ड किंवा १२३४५६ सारखे नेहमीचे पासवर्ड घेऊन चोर प्रत्येक खात्यावर पाच-पाच प्रयत्न करतो असं धरू. ग्राहक कोण हे माहीत नसेल तर ८,००० गुणिले ५, म्हणजे ४०,००० प्रयत्न. माहीत असेल तर ३५० गुणिले ५, म्हणजे १,७५०. काम तेवीस पटीने कमी. आणि ४०,००० चुकीचे लॉगिन कुठल्याही बऱ्या होस्टिंगवर डोळ्यात येतात. १,७५० प्रयत्न आठवडाभरात पसरले तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

मोघम मेसेजचं काम एवढंच आहे : चोराला पहिली पायरी फुकट द्यायची नाही. पासवर्ड तो मजबूत करत नाही आणि चोराला कायमचा अडवतही नाही. कोणी त्याला ‘सिक्युरिटी फीचर’ म्हणून विकत असेल तर त्याला हे विचारा.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

ही युक्ती आजची नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स नावाची सिस्टीम तयार झाली. तिच्या पासवर्डबद्दल रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये एक लेख लिहिला. त्यात हाच मुद्दा आहे : नाव चुकीचं असलं काय आणि बरोबर असलं काय, परक्या माणसाला उत्तर सारखंच मिळालं पाहिजे.

पण पुढची गंमत मला जास्त आवडते. पासवर्ड दळायची क्रिया त्यांनी मुद्दाम हळू केली होती, म्हणजे चोराला पटापट अंदाज लावता येऊ नयेत. आधी ही क्रिया नाव खरं असेल तेव्हाच व्हायची, कारण नावच नसेल तर जुळवायला पीठ कुठून आणणार? परिणाम असा झाला की नाव खरं असेल तर उत्तर यायला साधारण अर्धा सेकंद लागायचा आणि खोटं असेल तर उत्तर लगेच यायचं. मेसेज अक्षर न् अक्षर सारखा, पण घड्याळ चुगली करत होतं! मग त्यांनी प्रोग्रॅम बदलला. नाव नसलं तरीही दळायचं, म्हणजे दोन्हीकडे वेळ सारखा.

एवढं लिहून ठेवलेलं असूनही पुढे ३७ वर्षांनी, २०१६ मध्ये, ओपन-एसएसएच या जगभर वापरल्या जाणाऱ्या सर्व्हर-लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये याच जातीची चूक सापडली. तिथे नाव नसतानाही दळलं जात होतं, पण दुसऱ्या, हलक्या जात्यावर. खूप लांबलचक पासवर्ड पाठवला की खऱ्या नावाला उत्तर उशिरा यायचं. तेव्हा तुमच्या साइटवर मेसेज सारखा दिसतोय म्हणून निश्चिंत होऊ नका. उत्तर म्हणजे नुसते शब्द नाहीत. लागलेला वेळ, पेजचं रूप, रकान्यात टाकलेला नंबर तसाच राहतो की पुसला जातो, हे सगळं त्यात येतं.

बाजूची दारं

आता मला जे पटत नाही त्याकडे येतो. लॉगिन पेज गप्प बसलं. पण त्याच पेजवर खाली ‘पासवर्ड विसरलात?’ आहे. तिथे नंबर टाकला की बऱ्याच साइट म्हणतात, ‘असं खातं अस्तित्वात नाही’. झालं! चोराने लॉगिन पेजवर जायचंच कशाला? तोच प्रोग्रॅम तो इथे लावेल. ‘नवीन खातं उघडा’ इथेही तेच. आधीचा ग्राहक असेल तर ‘हा नंबर आधीच नोंदलेला आहे’ असं उत्तर. काही दुकानांत चेकआउट करताना ईमेल टाकला तरी हेच कळतं.

पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, अशी ही तऱ्हा. अशा साइटवर मोघम मेसेजचा त्रास फक्त प्रामाणिक ग्राहकाला होतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१५ मधलं. ॲशली मॅडिसन नावाची विवाहबाह्य संबंधांसाठीची परदेशी साइट हॅक झाली. त्याच सुमारास ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सिक्युरिटी जाणकाराने दाखवून दिलं की हॅक करायचीही गरज नव्हती. त्यांच्या ‘पासवर्ड विसरलात’ पेजवर मेसेज दोन्ही वेळा सारखाच यायचा. कोणीतरी विचार करून तो मोघम ठेवला होता. पण खातं नसेल तर ईमेलचा रकाना पेजवर तसाच राहायचा आणि असेल तर तो गायब व्हायचा. एखाद्याचा ईमेल टाकला की तो त्या साइटवर आहे की नाही, हे घरबसल्या कळत होतं.

आपलं दुकान तसलं नाही, हे मान्य. पण आपल्यातच काही जण औषधं विकतात, कोणी वधू-वर सूचक केंद्र चालवतं, कोणी वंध्यत्वाच्या रुग्णांसाठी आहाराचं मार्गदर्शन करतं. तिथे ‘अमुक व्यक्ती यांची ग्राहक आहे’ एवढी माहितीसुद्धा खाजगी असते. लोणच्याच्या दुकानात ते चालून जाईल, तिथे नाही चालणार.

बाजूची दारं बंद कशी करायची? ‘पासवर्ड विसरलात’चं सोपं आहे. कोणताही ईमेल टाकला तरी पेजवर एकच वाक्य : ‘या ईमेलचं खातं आमच्याकडे असेल तर पासवर्ड बदलायची लिंक पाठवली आहे.’ लिंक फक्त खऱ्या ग्राहकाच्या मेलबॉक्समध्ये जाते, चोराला काहीच कळत नाही. नवीन खात्याचं थोडं अवघड आहे, पण जमतं. तिथेही पेजवर एकच वाक्य ठेवायचं : ‘पुढची माहिती मेलवर पाठवली आहे.’ नवा माणूस असेल तर मेलमध्ये खातं सुरू करायची लिंक जाते. जुना ग्राहक असेल तर ‘तुमचं खातं आधीच आहे, इथून लॉगिन करा’ असा मेल जातो. फरक मेलमध्ये असतो, पेजवर नसतो.

वर्डप्रेसवाल्यांसाठी

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची साइट वर्डप्रेसवर आहे, म्हणून हे वेगळं लिहितो. वर्डप्रेस मुळात मोघम बोलत नाही. `wp-login.php` वर नसलेलं नाव टाकलं तर ते सांगतं की हे युजरनेम या साइटवर नोंदलेलं नाही. असलेलं टाकलं तर सांगतं की या युजरनेमसाठी दिलेला पासवर्ड चुकीचा आहे. हा विसराळूपणा नाही. युजरनेम ही गुपित ठेवायची गोष्टच नाही, गुपित फक्त पासवर्ड, अशी वर्डप्रेस बनवणाऱ्यांची जाहीर भूमिका आहे.

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ब्लॉग लिहिणाऱ्याचं नाव तसंही लेखावर छापलेलं असतं. साइटच्या पत्त्यापुढे `/?author=1` किंवा `/wp-json/wp/v2/users` लावलं तर कित्येक साइटवर लेखकाचं नाव उघड दिसतं. म्हणून तुमचं स्वतःचं ॲडमिनचं खातं मोघम मेसेजने वाचेल असं समजू नका. तिथे लांब पासवर्ड आणि मोबाइलवरच्या ॲपचा दुसरा कोड, याला पर्याय नाही.

पण ही भूमिका ब्लॉगसाठी आहे. दुकानाचे ग्राहक लेख लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांची नावं त्या यादीत येत नाहीत. ते गुपित राहू शकतात आणि राहावेत. दुकान आणि ब्लॉग यांच्यातला हा फरक बरेच डेव्हलपर लक्षात घेत नाहीत. मेसेज बदलायला थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये किंवा स्निपेटच्या प्लगइनमध्ये एवढं पुरतं :

```php
add_filter( 'login_errors', function () {
    return 'दिलेली माहिती जुळली नाही. नंबर/ईमेल आणि पासवर्ड पुन्हा तपासा.';
} );
```

याची एक अडचण सांगतो. हे त्या पेजवरची सगळ्या प्रकारची चूक एकाच वाक्यात गुंडाळतं. ग्राहकाने रकाना रिकामा सोडला तरी हेच वाक्य येईल. आणि पासवर्ड विसरल्याचं व नवीन खात्याचं दार याने बंद होत नाही. ती कामं डेव्हलपरकडून वेगळी करून घ्यावी लागतात.

प्रामाणिक ग्राहकाचं काय?

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. कार्टमध्ये ८०० रुपयांचा माल टाकून बसलेली ताई लॉगिन होत नाही म्हणून निघून गेली, तर ते नुकसान आजचं आणि रोख आहे. चोर येईल तेव्हा येईल. शिवाय मोठे मोठे लोकही सगळे मोघम बोलत नाहीत. गूगल आधी ईमेल विचारतं आणि खातं नसेल तर तिथेच सांगतं. पण कोणता ईमेल घेतलेला आहे हे तिथे नवीन खातं उघडताना कोणालाही कळतंच, ते लपवता येण्यासारखं नाही. आणि संशयास्पद प्रयत्न ओळखायला गूगलकडे जी यंत्रणा आहे, ती आपल्याकडे नाही. ‘गूगल करतं म्हणून आपणही’ हा युक्तिवाद म्हणून इथे चालत नाही.

पण मोघम राहूनही ग्राहकाला मदत करता येते. त्यासाठी एक फरक डोक्यात पक्का ठेवा. टाकलेल्या माहितीचा आकार चुकला, तर ते बिनधास्त सांगा. ग्राहक वहीत आहे की नाही, तेवढं फक्त सांगू नका. ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक टाकलेत’ यातून चोराला तुमच्या ग्राहकांबद्दल काहीही कळत नाही. ‘ईमेलमध्ये @ नाही’ यातूनही नाही. वही न उघडता जे जे दिसतं, ते सगळं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

ग्राहक अडतात त्या जागाही ठरलेल्या असतात. कोणी नंबरच्या आधी ० किंवा +९१ लावतं. कोणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकतं. फोनचा कीबोर्ड ईमेलचं पहिलं अक्षर मोठं करतो किंवा शेवटी एक स्पेस चिकटवतो, आणि ती स्पेस डोळ्यांना दिसतही नाही. यातलं काहीच ग्राहकाच्या गळ्यात मारायची गरज नाही. साइटनेच ० आणि +९१ काढून टाकावं, देवनागरी आकडे बदलून घ्यावेत, ईमेलच्या शेवटची स्पेस पुसावी. पासवर्डच्या रकान्यात मात्र हात घालायचा नाही, तिथे फक्त डोळ्याचं चिन्ह द्या, म्हणजे टाकलेलं बघता येईल. एवढं केलं की मोघम मेसेज बघायची वेळच कमी जणांवर येते.

लहान दुकानासाठी आणखी एक वाट आहे आणि मी सध्या तीच सुचवतो : पासवर्डच नको, ओटीपी ठेवा. ग्राहक नंबर टाकतो, ‘ओटीपी पाठवला आहे’ असं वाक्य येतं, नंबर जुना असो की नवा. ओटीपी बरोबर टाकला की मग साइट बघते, ओळ असेल तर आत घेते, नसेल तर नवीन खातं उघडते. लॉगिन, पासवर्ड विसरणं आणि नवीन खातं, तिन्ही दारं एकच झाली. ज्याच्या हातात तो फोन आहे त्यालाच पुढचं कळतं.

फुकट मात्र नाही. एसएमएसचे पैसे लागतात, आणि भारतात असे मेसेज पाठवायला आधी डीएलटीवर व्यवसायाची आणि मेसेजच्या मजकुराची नोंदणी करावी लागते. शिवाय कोणी वात्रटपणे हजारो नंबर टाकत बसलं तर ते सगळे एसएमएस तुमच्या बिलावर. म्हणून एका नंबरला आणि एका इंटरनेट कनेक्शनवरून तासाला किती ओटीपी जातील यावर मर्यादा पहिल्या दिवसापासून हवी. पासवर्ड ठेवणार असाल तरी ही मर्यादा हवीच. आणि मर्यादेतही एक खाच आहे : पाच चुकांनंतर ‘खातं १५ मिनिटांसाठी बंद’ हा मेसेज फक्त खऱ्या खात्यांनाच येत असेल, तर चोराने प्रत्येक नंबरवर सहा प्रयत्न केले की त्याची यादी परत तयार. नसलेल्या खात्यालाही तोच मेसेज दिसायला हवा.

आजच करून बघा

ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा. आपल्या साइटवर आधी तुमचा खरा, नोंदलेला नंबर टाका आणि पासवर्ड मुद्दाम चुकवा. जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग नक्की ग्राहक नसलेल्या माणसाचा नंबर टाका, घरातल्याच कोणाचा तरी, त्याला विचारून. परत स्क्रीनशॉट. दोन्ही शेजारी ठेवा आणि शब्द, रंग, रकान्यात राहिलेला मजकूर, वरचा पत्ता, सगळं ताडून बघा. मग हेच ‘पासवर्ड विसरलात’वर आणि नवीन खात्याच्या पेजवर करा. नवीन खात्यावर फरक दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, दिसला तर नवल वाटू देऊ नका.

सगळीकडे सारखं दिसलं, तर लॉगिनवर दोन्ही नंबर दहा-दहा वेळा टाकून उत्तराला लागणारा वेळ बघा. खात्यावर कुलूप लागू नये म्हणून हे मध्ये थांबत थांबत करा. क्रोममध्ये `F12` दाबलं की नेटवर्कच्या भागात प्रत्येक उत्तराचा वेळ मिलिसेकंदात दिसतो. एखाद्या वेळी इंटरनेटमुळे फरक पडतोच, त्यावर जाऊ नका. पण नोंदलेला नंबर दर वेळी ठळकपणे उशिरा उत्तर देत असेल, तर तो मॉरिस-थॉम्पसन यांचाच अर्धा सेकंद आहे, नव्या कपड्यांत. डेव्हलपरला एवढंच विचारा : खातं नसेल तेव्हाही तुम्ही हॅश काढता का, आणि त्याच जात्यावर काढता का?